व्हॉट्सअॅप ग्रुपवर काचेच्या बांगड्या विकायच्या आहेत. मापं आणि उरलेला माल यांचं काय करता?

मंजिरी_फलटण

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीचा आणि माहेरच्या गल्लीतल्या बायकांचा मिळून एक ग्रुप आहे, साधारण नव्वद जणी. श्रावण तोंडावर आलाय, मंगळागौरी आहेत, दोन घरी डोहाळजेवणं आहेत. म्हणून पुण्याहून रविवार पेठेतून काचेच्या हिरव्या बांगड्या घाऊक आणून ग्रुपवर विकायचं ठरवतेय.

मागच्या आठवड्यात जाऊन भाव काढून आले. साध्या हिरव्या, बारीक सोनेरी रेघेच्या बांगड्या ३८ रुपये डझन पडतात. इथे दुकानात तशाच ८० ला आहेत, मी ७० ला देईन. पहिल्यांदा २४ डझन आणायचा विचार आहे, २.४, २.६, २.८ आणि २.१० अशी चारही मापं सहा-सहा डझन. एसटीला बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे रिक्षा आणि जेवण धरून जाऊन-येऊन २६० रुपयांत भागतं.

डझनामागे ३२ सुटतात म्हणजे २४ डझनांना ७६८ रुपये. हिशेब बरोबर आहे ना? आणि मापं अशीच घ्यावीत का?

---

शुभदा_के

मंजिरी, अनुभवाने सांगते, काचेच्या वाटेला जाऊच नकोस. मी तीन वर्षं संक्रांतीच्या वाणाचं सामान ग्रुपवर विकते. स्टीलच्या छोट्या वाट्या, चहाच्या गाळण्या, कोथिंबीर ठेवायचे डबे. फुटत नाही, माप नाही, रंग नाही. एक बाई एकदम पन्नास नग घेते, कारण तिला हळदीकुंकवाला वाटायचे असतात. या वर्षी उरलेल्या वाट्या पुढच्या वर्षीही चालतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोटो टाकायचे, वीस तारखेला ऑर्डर बंद, आणि महिनाअखेर माल घरात. तू भांडी बघ.

---

मंजिरी_फलटण

शुभदाताई, वाणाचं नक्की बघेन, पण संक्रांत लांब आहे आणि बांगड्यांना आत्ता मागणी आहे. ग्रुपवर बायका स्वतःहून विचारतायत.

---

कासारआळी

मंजिरी, आमचं घराणं कासाराचं. सासूबाई गावोगाव बांगड्या भरायला जायच्या, मी साताऱ्यात दुकान सांभाळते आणि सहा-सात वर्षांपासून ग्रुपवरही विकते. तुझा हिशेब जरा पुढे नेऊन दाखवते.

७६८ मधून प्रवासाचे २६० वजा कर, राहिले ५०८. पिशव्या, रद्दी, चिकटपट्टी यांचे ६० धर, ४४८. येताना आणि वाटताना मिळून एक डझन तरी वाढणार, म्हणजे ७० ची विक्री गेली, ३७८. आता मापं. सहा डझन २.१० आणशील, तर नव्वद बायकांत त्या मापाच्या फार नसतील. चार डझन पडून राहिले असं धर, २८० गेले, राहिले ९८. आणि दोन जणी म्हणणार, "पुढच्या महिन्यात देते गं." त्यांचे १४० बाहेर. म्हणजे सगळं करून तुझ्या हातात घातले त्यापेक्षा ४२ रुपये कमी.

यात कोणी फसवलं नाही, भाव चुकला नाही. नफा खाल्ला तो उरलेल्या मापांनी आणि प्रवासाने. प्रवास २४ डझनांनाही तेवढाच आणि ६० डझनांनाही तेवढाच. म्हणून आधी मापासकट ऑर्डर घे आणि मगच पुण्याला जा. समज ४० डझनांची ऑर्डर जमली. तू ४२ आणलेस, दोन वरचे. माल १,५९६, प्रवास २६०, बांधाबांध १०० धर, एकूण १,९५६. चाळीस डझन ७० ने गेले तर २,८०० आले. ८४४ सुटले, आणि वरच्या दोनातला एखादा डझन हाताशी राहिला.

ते वरचे दोन डझन कशाला, तेही सांगते. आमच्याकडे चुडा भरताना एका हातात एक बांगडी जास्त भरतात. सात आणि सहा. त्यामुळे डोहाळजेवणाची किंवा लग्नाची ऑर्डर डझनात बसत नाही, सुट्या बांगड्या द्याव्या लागतात. घरी आल्यावर एक तडकलेली निघाली तर तीही यातूनच बदलता येते.

---

निखिल_पी

कासारआळींचा हिशेब भारी आहे. मी फक्त तांत्रिक बाजू सांगतो. ग्रुपवर विकूच नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. माझ्या बहिणीच्या साड्यांच्या ग्रुपमध्ये एक जण गिऱ्हाईक म्हणून शिरली आणि आठवड्याभरात सगळ्यांना तिचे स्वतःचे मेसेज सुरू झाले. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, प्रत्येकीला खासगी मेसेज जातो, उत्तरही फक्त तुम्हाला येतं. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, तुमच्या नव्वद जणी आरामात येतील.

---

अनुजा_वाई

निखिल, यात एक गोष्ट राहिली. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. बाकीच्यांना जातच नाही, आणि आपल्याला कळतही नाही. मी स्टेशनरी विकते. जूनमध्ये वह्यांच्या सेटचा मेसेज दीडशे जणांना पाठवला, तर दुसरी टिक जेमतेम निम्म्यांच्या पुढे दिसली. "तुम्ही वह्या आणल्या हे कळलंच नाही," असं नंतर शाळेच्या गेटवर ऐकावं लागलं.

नंबर झाकायचे असतील तर कम्युनिटी करून तिच्या घोषणांच्या ग्रुपवर माल टाका. तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण मग "मला पण हवंय" हेही एकमेकींना दिसत नाही, आणि खरी विक्री त्यानेच होते. एकीने घेतलं की शेजारीण घेते.

---

निखिल_पी

सेव्ह असावा लागतो हे खरं, ते मी लिहायला हवं होतं. तरी पहिल्याच मेसेजला "नंबर सेव्ह करा" म्हणून सांगितलं तर लोक करतात. मी अजूनही नंबर उघडे ठेवण्याच्या विरोधात आहे.

---

कासारआळी

नंबर चोरीला जातात हे मीही पाहिलंय. पण मंजिरीच्या नव्वद जणी एकमेकींना आधीच ओळखतात, तिथे ग्रुपच बरा. अनोळखी गिऱ्हाईक वाढायला लागलं की बघता येईल.

---

मंजिरी_फलटण

बापरे, ४२ रुपये कमी! बरं झालं विचारलं. आधी ऑर्डर घेते. पण मापाचा घोळ आत्ताच सुरू झालाय. निम्म्या जणींना स्वतःचं माप माहीत नाही. एकीने मनगटाला टेप लावून फोटो पाठवला, १५ सेंटीमीटर. त्याचं काय करू?

---

कासारआळी

मनगटाचं माप उपयोगाचं नाही. बांगडी मनगटात बसते, पण जाते हाताच्या मुठीवरून. बांगडी भरताना करतो तसा अंगठा तळव्यात दुमडून, बोटं जवळ घेऊन, जिथे हात सर्वात रुंद आहे तिथे टेप गुंडाळायला सांग. घट्ट आवळायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही.

आता मापाचे आकडे. २.४ म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश. २.६ म्हणजे दोन इंच सहा सोळांश. बिंदूनंतरचा आकडा सोळावे भाग आहेत, दशांश नव्हे. म्हणून २.१० ही २.८ पेक्षा मोठी. हा आतला व्यास झाला. त्याचा घेर काढलास तर सोपं गणित हाती येतं: २.२ ला १७ सेंटीमीटर, २.४ ला १८, २.६ ला १९, २.८ ला २०, २.१० ला २१. एकेक सेंटीमीटरने वाढत जातं. मुठीचा घेर १९ आला तर २.६. साडेअठरा आला तर काच असल्यामुळे मी मोठंच माप देते. धातूची बांगडी जरा दाबून जाते, काच वाकत नाही. हाडं मऊ असलेल्या तरुण मुलींना आम्ही दुकानात साबण लावून लहान माप चढवतो, पण ते समोर बसवून करायचं काम आहे, मेसेजवरून नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तिच्या हातात नीट बसणारी जुनी काचेची बांगडी. ती पट्टीवर आडवी ठेवून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायची. ५७ मिलिमीटर आले तर २.४, ६० आले तर २.६, साडेत्रेसष्ट आले तर २.८. बाहेरची कड धरली तर एक माप मोठं सांगितलं जातं, म्हणून फोटो मागव आणि पट्टी कुठे लावलीय ते बघ.

---

अनुजा_वाई

ऑर्डर एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटवर लिहिणार असाल तर सांभाळा. २.१० लिहिलं की ते आपोआप २.१ होतं आणि यादी लावली की ती २.२ च्याही वर जाऊन बसते. त्या रकान्याचं स्वरूप आधी टेक्स्ट करून ठेवा. माझ्या जावेने अशी यादी व्यापाऱ्याला पाठवली, तर त्याने "२.१ कुठलं माप?" म्हणून फोन केला. कमी बोलणारा असता तर लहान माप बांधून मोकळा झाला असता.

---

रेवती_नागपूर

ताई, मला २.६ च्या चार डझन पाहिजेत, नागपूरला पाठवता का? किंमत ७० च ना? कुरियर किती होईल?

---

मंजिरी_फलटण

रेवतीताई, अजून माल आणलेलाच नाही 🙂 आणि बाहेरगावी काच पाठवायची हिंमत सध्या नाही.

---

कासारआळी

रेवती, नागपूरला चार डझनांसाठी कुरियर परवडणार नाही, तुझ्या बाजारात घे. मंजिरी, पुढे कधी पाठवायची वेळ आली तर हे लक्षात ठेव. साध्या बांगड्यांचा डझन ५० ते ८० ग्रॅम भरतो. आठ डझन म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण किलो. पण कुरियरवाले खोक्याचं आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून साधारण ५,००० ने भागतात. ३० बाय २० बाय १५ चं खोकं घेतलंस तर १.८ किलोचे पैसे लागतात, आत काही का असेना. आणि काच तर मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी रद्दी भरूनच द्यावी लागते. तिथेच गणित बिघडतं.

एसटीतून आणतानाही वरच्या फळीवर ठेवू नकोस, पायाशी ठेव. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून बांगड्या त्यावर ओव. आत पोकळी राहिली नाही की त्या एकमेकींवर आपटत नाहीत. गुंडाळी सैल असेल तर कितीही कागद लावून उपयोग नाही.

---

समीर_ठाणे

एवढा त्रास कशाला? मुंबईचे आणि सुरतचे व्यापारी स्वतःचे ग्रुप चालवतात. ते फोटो टाकतात, आपण आपला भाव लावून पुढे पाठवायचे, ऑर्डर आली की ते परस्पर गिऱ्हाइकाला पाठवतात. एक रुपया गुंतवणूक नाही. मी खोट्या दागिन्यांचं असंच करतो.

---

अनुजा_वाई

दागिन्यांना चालेल, पण त्यातही खाचखळगे आहेत. तो फोटो एकाच वेळी शेकडो विक्रेत्यांकडे गेलेला असतो. तुमच्याकडे ऑर्डर येईपर्यंत माल संपलेला असतो आणि "सेम टू सेम नाहीये, दुसरा रंग चालेल का?" सुरू होतं. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर बदलून मिळत नाही, आणि घरातल्या काकू असा व्हिडिओ करत नाहीत. मग भरपाई आपल्या खिशातून. परत काही बिघडलं तर गिऱ्हाईक व्यापाऱ्याला नाही, आपल्याला विचारतं. ती आपली चुलत नणंद असते.

---

समीर_ठाणे

व्हिडिओचं मान्य. मी पहिल्या ऑर्डरलाच सांगून ठेवतो. दहातल्या दोघी करत नाहीत, ते धरून भाव लावतो.

---

कासारआळी

समीर, काचेच्या हिरव्या रंगात फोटोवर भरवसा ठेवता येत नाही. पोपटी, मेंदी, बाटली हिरवा आणि आपल्या चुड्याचा गर्द हिरवा, हे पिवळ्या दिव्याखाली जवळजवळ सारखे दिसतात. मी फोटो सकाळी खिडकीशी काढते, हातात बांगड्या भरून, आणि शेजारी चिठ्ठीवर नंबर लिहून. फोटो ४ म्हणजे फोटो ४. मग ऑर्डर एकाच पद्धतीने द्यायची: फोटो नंबर, माप, किती डझन, नाव. "मला पण तीच" हे उत्तर धरत नाही, कारण "तीच" म्हणजे वरची की त्याच्या वरची हे संध्याकाळपर्यंत कोणालाच आठवत नाही. वेळ संपली की सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त अॅडमिनला टाकता येतील असं करते आणि पूर्ण यादी टाकते. सगळ्यांनी आपलं माप बघून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी बाजार.

आणि दुकानात काय बघायचं तेही ऐक. बहुतेक काचेच्या बांगड्या फिरोझाबादहून येतात. तिथे तापलेल्या काचेची सळई फिरत्या रुळावर गुंडाळतात, वेटोळं कापतात आणि प्रत्येक बांगडीची टोकं आचेवर जोडतात. कमजोर जागा हीच, सांधा. डझन सुतळीत असताना हलवून आवाज ऐक. सगळ्या चांगल्या असतील तर खणखणीत किणकिण येते, एखादी तडकलेली असली तर आवाज बोदा होतो. मग तो डझन सोडवून सांध्यावरून बोट फिरवायचं. डझनही मोजून घे, अकराचे निघतात. शेवटचं म्हणजे, एकाच गड्ड्यात वेगवेगळी मापं भरलेला डबा स्वस्त मिळतो, तो ऑर्डरीच्या मालासाठी घेऊ नकोस.

---

खातेवही

जीएसटीबद्दल कोणी विचारलं नाही, पण धागा वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल.

---

निखिल_पी

वीस लाखांपर्यंत काही लागत नाही, सोपं आहे.

---

खातेवही

वीस लाख सेवांसाठी. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. आणि काचेच्या बांगड्यांवर मुळात जीएसटी शून्य आहे. केवळ करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीची सक्तीच नाही. मंजिरींना काही करायची गरज नाही.

समीर यांचं वेगळं आहे. खोट्या दागिन्यांवर ३ टक्के आहे, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की साधारणपणे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या मालाला काही सवलती आहेत, त्यात तुमचा माल बसतो का हे बिलं घेऊन सल्लागाराकडे जाऊन बघा.

---

समीर_ठाणे

माझी बरीच पार्सलं बेळगाव आणि इंदूरला जातात. बघायला हवं.

---

मंजिरी_फलटण

कासारआळी काकूंच्या पद्धतीने चार फोटो नंबर घालून टाकले. दोन दिवसांत ३७ डझन आले. २.४ चे ११, २.६ चे १७, २.८ चे ७ आणि २.१० चे फक्त २! मी सहा डझन आणणार होते.

आता दोन प्रश्न. पैसे आधी घ्यायचे का? ओळखीच्यांकडे मागायला जड जातं. आणि माप चुकलं तर बदलून द्यायचं का?

---

शुभदा_के

पैसे आधीच. मी तर ऑर्डरच पैसे आल्यावर धरते. एकदा "नंतर देते" ऐकलं की ग्रुपमध्ये मागता येत नाही आणि खासगीत मागितलं की राग येतो. आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट आला म्हणून पैसे आले असं समजू नकोस. बँकेच्या अॅपमध्ये रक्कम जमा दिसली तरच यादीत खूण कर.

---

कासारआळी

मी निम्मे घेते. डझनाला ३५ आधी, ३५ हातात देताना. ते ३५ माल उचलायला जवळपास पुरतात, त्यामुळे उधारी झालीच तरी ती नफ्यातली असते, भांडवलातली नाही. पूर्ण पैसे मागितले की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ऑर्डरच देत नाहीत.

माप मात्र बदलून द्यायचंच, मुठीचा घेर तिने चुकीचा सांगितला असला तरी. बांगडी न बसणं तिला लागतं, सणाच्या दिवशी हात मोकळा राहतो. मी बदलीसाठी २.६ आणि २.८ चा एकेक डझन वरचा ठेवते.

---

अनुजा_वाई

काकू, तुमचं दुकान आहे, परत आलेला डझन तुम्ही काउंटरवर लावाल. मंजिरीकडे तो कपाटात पडेल. परत आलेल्या डझनात बहुतेक वेळा एखादी वाढलेली असते किंवा चढवून बघताना सोनेरी रेघ घासलेली असते, मग तो पुन्हा विकता येत नाही. माप लेखी घ्यायचं आणि बदल नाही हे फोटोखालीच लिहायचं. मी वह्यांच्या रुलिंगबद्दल हेच करते.

---

कासारआळी

वहीची रेघ चुकली तर मूल दुसऱ्या विषयाला वापरतं गं. मी तरी नाही म्हणणार नाही. मंजिरी, निदान पहिल्या खेपेला तरी बदलून दे, पण हातात चढवायच्या आधी. आणि ग्रुपवर तसं स्पष्ट लिही.

---

मंजिरी_फलटण

दोघींचं पटतंय, म्हणून अडलेय. सध्या निम्मे पैसे आधी आणि "न घातलेला डझन दोन दिवसांत बदलून मिळेल" एवढं लिहिलंय. ३९ डझन आणतेय, वरचे दोन्ही २.६ चे. की एक २.८ चा घेऊ?

---

कासारआळी

एक २.८ चा घे. लहान झाली म्हणून परत येणाऱ्याच जास्त असतात.